घरून कॉलचं काम करायचंय? आधी लाईन तपासा, मग हेडसेट घ्या, लॅपटॉप शेवटी

देवगडजवळच्या एका वाडीत राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीला मार्चमध्ये घरून कस्टमर सपोर्टचं काम लागलं. हिंदी-मराठी कॉल, दुपारी 2 ते रात्री 11. पहिला पगार हातात यायच्या आधीच तिने 70 हजारांचा मोठ्या स्क्रीनचा गेमिंग लॅपटॉप घेतला आणि जोडीला ब्लूटूथचे इअरबड्स. महिन्याभरात क्वालिटी टीमकडून तीन तक्रारी आल्या. रात्री तिचा फोन आला, "गो ताई, गिरायक म्हणता तुझो आवाज पाण्यातसून येता. आता ह्येच्यापेक्षा म्हाग लॅपटॉप खंयसून हाडू?"

मी हेच काम सहा वर्षं करते आहे, तेही पत्र्याच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत. तिला म्हटलं, लॅपटॉपला हात लावू नकोस, रविवारी येते. त्या रविवारी आम्ही जे केलं, तेच इथे क्रमाने सांगते. कॉलच्या कामात ग्राहकाला तुमचा प्रोसेसर ऐकू येत नाही. त्याला ऐकू येते ती तुमची लाईन, तुमचा माईक आणि लॅपटॉपचा पंखा. म्हणून तपासायचं आणि पैसे घालायचे तेही याच क्रमाने.

पहिलं काम: लाईन कुठे तुटते ते शोधा

बहुतेक जण स्पीड टेस्ट करतात, 60 किंवा 100 एमबीपीएस आकडा दिसला की निश्चिंत होतात. पण एका कॉलला दोन्ही बाजूंना साधारण 100 केबीपीएस पुरतात, म्हणजे 1 एमबीपीएसचा दहावा भाग. तेवढं आपल्या वाडीवस्तीवरही मिळतं. आवाज तुटतो तो वेगळ्या कारणाने. बोलणं छोट्या छोट्या पाकिटांत कापून सेकंदाला सुमारे 50 पाकिटं पाठवली जातात. त्यातली काही हरवली किंवा मागेपुढे पोचली, की शब्द गिळले जातात. व्हिडिओ बघताना हे कळतच नाही, कारण तो पुढचं थोडं आधीच साठवून ठेवतो. कॉलला तशी सवड नसते.

हे मोजायला विकतचं काही लागत नाही. विंडोजमध्ये Command Prompt उघडून `ipconfig` लिहा. Default Gateway समोर जो पत्ता दिसेल तो तुमच्या राउटरचा. आता दोन खिडक्या उघडा आणि दोन्हींत एकाच वेळी हे चालवा. राउटरचा पत्ता तुमचा स्वतःचा घाला.

```
ping -n 600 192.168.1.1
ping -n 600 8.8.8.8
```

पहिली आज्ञा लॅपटॉप ते राउटर हा घरातला रस्ता तपासते, दुसरी गूगलच्या सर्व्हरपर्यंतचा, म्हणजे घराबाहेरचाही. सेकंदाला एक, असे दहा मिनिटं ठोके जातात. तपासणी तुमच्या शिफ्टच्या वेळेतच करा. सकाळी 10 वाजता छान दिसणारी लाईन रात्री 9 वाजता, सगळी वाडी मालिका आणि क्रिकेट बघत असताना, वेगळीच असते.

बहिणीच्या माडीवरच्या टेबलावरून राउटरच्या खिडकीत शेवटी हे आलं:

```
Sent = 600, Received = 586, Lost = 14 (2% loss)
Minimum = 1ms, Maximum = 214ms, Average = 9ms
```

Average 9 बघून ती म्हणाली, "चांगलंच आहे की." पण सरासरी इथे फसवते. बघायचं ते Lost आणि Maximum. घरातल्या घरात 600 पैकी 14 ठोके हरवले आणि एखादा 214 मिलिसेकंदांनी परत आला, म्हणजे गडबड फायबरच्या तारेत नव्हती, घरातच होती. राउटर खाली ओटीवर, ती माडीवर, आणि मध्ये जांभ्या चिऱ्याच्या जाडजूड भिंती. चिऱ्यापुढे वायफाय दमतं. त्यातही 5 गिगाहर्ट्झचं आधी, 2.4 चं थोडं नंतर.

आम्ही कॅट-6 ची 20 मीटर लॅन वायर आणली, जिन्याच्या कडेने वर नेली आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली. राउटरकडे एकही ठोका हरवला नाही, सगळे 1-2 मिलिसेकंदांत परत. बाहेरचेही 30 ते 45 च्या आत. "तुटतो" ही निम्मी तक्रार तिथेच संपली. लॅन वायर 100 मीटरपर्यंत चालते, त्यामुळे राउटर पुढच्या दाराशी आणि टेबल मागच्या पडवीत असलं तरी अडचण नाही.

तुमच्याकडे राउटरचे आकडे स्वच्छ आणि फक्त 8.8.8.8 चे वाईट आले, तर दोष बाहेरचा. तेव्हा हेच आकडे वेळेसकट लिहून केबलवाल्याला दाखवा. "नेट स्लो आहे" म्हटलं की तो राउटर बंद-चालू करायला सांगतो. "रोज रात्री 9 ते 10 मध्ये शेकडा 4 पाकिटं हरवतात" म्हटलं की त्याला लाईन बघावी लागते. साधारण मर्यादा अशी धरा: हरवणं शेकडा एकाच्या आत आणि ठोक्याठोक्यातला फरक 30 मिलिसेकंदांच्या आत. एखाद दुसरा मोठा आकडा सोडून द्या, कारण राउटर कामात असला की पिंगला उत्तर द्यायला कधी कधी उशीर करतो. तीन-चार दिवस तेच दिसलं तर मात्र ते खरं.

अजून एक चोर असतो. बहिणीच्या भावाचा फोन घरात शिरला की वायफाय पकडून दिवसभराचे फोटो वर चढवायला लागायचा. अपलोड भरलं की बाहेरचं पिंग 35 वरून 300 वर. परीक्षा सोपी आहे: पिंग चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर टाका आणि आकडे उडतात का बघा. उडत असतील तर घरातल्या सगळ्या फोनचा फोटो-बॅकअप रात्री 12 नंतरवर ढकला. राउटरमध्ये QoS असेल तर लॅपटॉपला पहिला मान द्या.

दुसरं काम: हेडसेट

"पाण्यातसून" ही तक्रार लॅनने गेली नाही. ती ब्लूटूथची होती. इअरबड्सवर गाणं ऐकताना आवाज भरदार असतो, पण त्यांचा माईक चालू झाला की ब्लूटूथ वेगळ्या पद्धतीत जातं, जुन्या टेलिफोनसारख्या अरुंद आवाजात. जाणारा आणि येणारा, दोन्ही आवाज पातळ होतात. शिवाय ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवरच बोलतं, म्हणजे तुमच्या वायफायच्याच गल्लीत. नव्या एलई ऑडिओत हे सुधारलंय, पण लॅपटॉप आणि हेडसेट दोघांनाही ते येत असेल तरच. आठ-नऊ तासांची शिफ्ट इअरबड्सच्या बॅटरीवर काढणंही कठीणच.

म्हणून यूएसबी वायरचा, तोंडाजवळ दांडीचा माईक असलेला हेडसेट घ्या. लॉजिटेक एच390, पॉली ब्लॅकवायर 3220, जॅब्रा इव्हॉल्व्ह2 30 हे याच जातीचे. 3.5 मिलिमीटरच्या गोल पिनेचा टाळा. त्यात आवाज लॅपटॉपच्या साउंड चिपमधून जातो आणि चार्जर लावला की काही लॅपटॉपवर घूं असा आवाज मिसळतो. समुद्राजवळच्या घरांत ती पिन खाऱ्या हवेने काळी पडते हेही आहेच. यूएसबी हेडसेट स्वतःची साउंड चिप घेऊन येतो.

खोक्यावरचे दोन शब्द इथे लोकांना हमखास चकवतात. एएनसी म्हणजे बाहेरचा गोंगाट तुमच्या कानात कमी करणं. ग्राहकाला त्याचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी नॉइज कॅन्सलिंग माईक लागतो, ज्याला काही कंपन्या ईएनसी म्हणतात. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना दुसरा शब्द महत्त्वाचा. पैसे एकालाच पुरत असतील तर माईकला द्या.

माईक तोंडासमोर धरू नका. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं अंतरावर, हनुवटीच्या किंचित खाली. समोर धरला की "प", "फ", "भ" वर फुंकर ऐकू येते. गळ्याशी लोंबत राहिला तर आवाज लांबून येतो, मग सॉफ्टवेअर तो वाढवतं आणि त्याच्याबरोबर पाऊस, कोंबडा आणि शेजारचा मिक्सरही वाढतो. डोक्यावरचा पंखा थेट माईकवर वारा मारत असेल तर फोमची टोपी घाला. ती सुटी मिळते आणि अगदी स्वस्त असते.

मग रेकॉर्ड करा. विंडोजचा Sound Recorder उघडा, पंखा चालू ठेवा आणि कॉलवर बोलता तसंच दोन मिनिटं बोला: स्वतःचं नाव, एक दहा आकडी नंबर, एक पत्ता. दुसऱ्या दिवशी घरातल्या कोणाला तरी ऐकवून नंबर लिहायला सांगा. एकही आकडा चुकला तर माईकची जागा बदलून पुन्हा. ही परीक्षा मी दर जूनला पहिल्या मोठ्या पावसात घेते, कारण मे महिन्यातली जागा पावसाळ्यात चालतेच असं नाही. आमच्याकडे पत्र्याखाली सिलिंग मारल्यावर फरक पडला. त्याआधी दोन पावसाळे मी कोपऱ्यातल्या कपाटापाशी, मागे गोधडी टांगून काढले, आणि तेही चाललं.

कानाच्या गाद्यांचं कापड बघून घ्या. रेक्झिनच्या गाद्या आपल्या हवेत तासाभरात घामाने चिकटतात आणि दोन-एक वर्षांत सोलपटतात. कापडाच्या किंवा फोमच्या, बदलता येणाऱ्या घ्या. सलग ऐकायचं तर आवाज बेताचाच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला 40 तासांसाठी 80 डेसिबल आहे, आणि आपलं काम नेमकं तेवढ्या तासांचं असतं. शिफ्टनंतर कान गुणगुणले तर आवाज जास्त होता असं समजा.

आता लॅपटॉप

आधी कंपनीकडून यंत्राच्या अटींचा कागद मागा. काही कंपन्या लॅपटॉप स्वतः पाठवतात, काहींना विंडोजची प्रो आवृत्तीच लागते, काही वायफाय चालवूनच घेत नाहीत. हे खरेदीनंतर कळलं तर पैसे गेले.

कामाला लागतं ते असं. कॉलचं सॉफ्टवेअर, व्हीपीएन, ग्राहकाची माहिती दाखवणारी पानं, चॅट आणि बऱ्याचदा स्क्रीन रेकॉर्ड करणारं काहीतरी, सगळं एकाच वेळी. 8 जीबी रॅम यात भरून जाते आणि मग कॉलच्या मध्यात माऊस अडखळतो. 16 जीबी घ्या. त्यापुढचे पैसे इथे वाया जातात. प्रोसेसर आय5 किंवा रायझन 5, पण नावाच्या शेवटी कोणतं अक्षर आहे ते बघा. एच असलेले ताकदवान, तापणारे आणि पंखा जोरात फिरवणारे. यू असलेले थंड आणि शांत. बहिणीचा एचवाला होता. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत घोंगावणं होतं, आणि एक ग्राहक तिला म्हणालाही होता, "मॅडम, आप गाडी में हैं क्या?" तो लॅपटॉप परत घेणारं कोणी नव्हतं. पॉवर मोड Best power efficiency वर टाकला, खाली स्टँड दिला, तेव्हा पंखा बराच निवला.

दुकानात ही परीक्षा घेऊनच पैसे द्या: पंधरा टॅब उघडा, एक व्हिडिओ कॉल लावा, वीस मिनिटं चालू द्या, मग त्याच लॅपटॉपच्या माईकवर एक मिनिट काही न बोलता रेकॉर्ड करा. तो मिनिट ऐका. पंखा माईकला किती ऐकू जातो ते लगेच कळतं.

स्क्रीन 14 इंची आणि मॅट पुरते. चकचकीत स्क्रीनवर पडवीतून येणारा उजेड दिवसभर डोळ्यांत जातो. लॅनचं भोक अंगच्या अंगी असेल तर उत्तम, नाहीतर यूएसबीचं जोडणं लागेल.

माझं स्वतःचं मत: पैसे बेताचे असतील तर ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप घ्या. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या घराण्यातले. त्यांचे कीबोर्ड रोजच्या टायपिंगसाठी केलेले असतात आणि लॅनचं भोकही बहुतेकांत सापडतं. एकच पथ्य, इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या मागचा घेऊ नका. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 साधारण तिथून पुढच्यांवरच अधिकृतपणे चालतं. बॅटरीची तब्येत दुकानातच बघा:

```
powercfg /batteryreport
```

ही आज्ञा एक एचटीएमएल फाईल बनवते आणि ती कुठे ठेवली ते सांगते. त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे दोन आकडे शोधा. समजा 50,000 आणि 31,000 mWh आले, तर बॅटरी 62 टक्क्यांवर आहे. मी सत्तरच्या खाली नवी बॅटरी घालून मागते.

लाईट गेल्यावर काय चालू राहतं

पावसाळ्यात एक फांदी तारेवर पडली की लाईट तासन्‌तास येत नाही. 50 वॅट-तासांची धडधाकट बॅटरी आणि कॉलच्या कामाला लागणारे अंदाजे 10 वॅट, म्हणजे साडेचार-पाच तास निघतात. लॅपटॉप तग धरतो. मान टाकतो तो राउटर. इन्व्हर्टर असला तरी लाईट गेल्याच्या क्षणी तो झटका घेतो, राउटर पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं गेलीच. कॉल तेव्हाच तुटलेला असतो. इन्व्हर्टरच्या मागे UPS आणि Normal असं बटण असेल तर UPS वर ठेवा, त्यात बदल पटकन होतो. नाहीतर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. राउटरच्या अडॅप्टरवर 12V 1A किंवा 12V 2A असं लिहिलेलं असतं, त्याला जुळणाराच.

लाईट असून नेट गेलं तर फायबरच्या डबीकडे बघा. LOS चा लाल दिवा म्हणजे तार तुटली किंवा पलीकडचं यंत्र बंद पडलं, आज काही तास विसरा. लाल दिवा नसून नेट नसेल तर डबी एकदा बंद-चालू करून बघायला हरकत नाही. अशा वेळी फोनचं नेट लागतं. हॉटस्पॉटपेक्षा केबल लावून USB tethering करा. मधलं वायफाय वगळलं जातं आणि फोनही चार्ज होत राहतो. नेट बदललं की व्हीपीएन पुन्हा जोडावं लागतं आणि चालू कॉल सहसा पडतो, म्हणून ग्राहकाचा नंबर कॉलच्या सुरुवातीलाच कागदावर उतरवायची सवय लावून घ्या. दुसरं सिम कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे शेजाऱ्याला विचारून नका ठरवू. तुमच्या टेबलावर बसून, रात्री 9 वाजता, वरचीच पिंगची परीक्षा फोनच्या नेटवर घ्या.

बसणं आणि हवा

लॅपटॉप मांडीवर किंवा नुसता टेबलावर ठेवून नऊ तास काढले तर मान दुखतेच, कारण कीबोर्ड हाताच्या उंचीला आणला की स्क्रीन खाली जाते. दोन्ही वेगळे करणं हाच उपाय. लॅपटॉप स्टँडवर, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, खाली वेगळा कीबोर्ड आणि माऊस. खुर्ची इतकी वर घ्या की कोपर टेबलाच्या उंचीला काटकोनात येईल. मग पाय लोंबकळतात. बहिणीने पायांखाली घरातला जेवणाचा पाट घेतला, आणि विकतच्या फूटरेस्टपेक्षा तो भक्कम आहे.

खाऱ्या दमट हवेत लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवू नका. आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. रोज चालणारं यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. हेडसेट मात्र शिफ्टनंतर पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवा.

मे अखेर आणि ऑक्टोबरात विजा होतात तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही. चार्जरचा प्लग काढा, राउटरचा काढा आणि लॅपटॉपमधून लॅन वायरही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटर बोर्डाला जोडलेला असतो आणि तिथून लॅपटॉपपर्यंत तांब्याची वायर असते. आमच्या वाडीत एका घरी लॅपटॉपचं लॅनचं भोक असंच जळलं, चार्जर काढलेला असूनही. गडगडाट सुरू झाला की मी टीम लीडरला मेसेज टाकते, बॅटरीवर आणि फोनच्या नेटवर येते, आणि आभाळ शांत झाल्यावर अर्ध्या तासाने वायर पुन्हा लावते.